ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र कसे तपासावे: कोल्हापुरात नवा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

दसरा किंवा गुढीपाडवा जवळ आला की कोल्हापुरात ज्यांचे फ्लॅट तयार होत आलेले असतात, त्यांना बिल्डरच्या ऑफिसातून फोन येऊ लागतात. कम्प्लिशन झाले आहे, शेवटचा हप्ता भरा, किल्ली घ्या आणि मुहूर्तावर वास्तुशांत करून टाका, असा त्या फोनचा मजकूर असतो. या बोलण्यामागे नेमका कोणता कागद आहे, तो कोणी दिला आहे आणि त्यात आपला फ्लॅट आहे की नाही, हे किल्ली हातात घेण्याआधी तपासले पाहिजे. ताबा घेतल्यानंतर हेच प्रश्न विचारले, तर उत्तर मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो.

ही तपासणी खरेदीदाराच्या हौसेवर सोडलेली नाही. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ म्हणजे मोफा कायद्याच्या कलम ३ नुसार, स्थानिक प्राधिकरणाने पूर्णत्वाचा दाखला दिल्याशिवाय बिल्डरने कोणालाही ताबा द्यायचा नाही, आणि त्याच कलमात पुढे असेही आहे की दाखला मिळेपर्यंत कोणीही फ्लॅटचा ताबा घ्यायचा नाही. म्हणजे बंधन दोन्ही बाजूंवर आहे. रेरा कायद्याच्या कलम ११(४)(ब) नुसार पूर्णत्वाचे किंवा भोगवट्याचे प्रमाणपत्र मिळवून ते खरेदीदारांना उपलब्ध करून देणे ही प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची, जबाबदारी आहे. त्यामुळे प्रत मागताना आपण बिल्डरवर अविश्वास दाखवतो आहोत, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आर्किटेक्टचा दाखला आणि महापालिकेचे प्रमाणपत्र

सर्वाधिक गफलत होते ती इथे. बांधकाम संपल्यावर त्यावर देखरेख करणारा आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता नियोजन प्राधिकरणाला कळवतो की काम मंजूर नकाशानुसार पूर्ण झाले आहे. सोबत प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे जोडतो. हा झाला आर्किटेक्टने दिलेला पूर्णत्वाचा दाखला. प्राधिकरणाचे अधिकारी त्यानंतर जागेवर येऊन पाहणी करतात, मंजूर नकाशाशी मेळ घालतात, देय रकमा भरल्या आहेत का आणि लागू असलेले ना हरकत दाखले जोडले आहेत का हे बघतात, आणि मग भोगवटा प्रमाणपत्र देतात. पहिला कागद हा अर्ज आहे आणि दुसरा कागद हा त्या अर्जावरचा निर्णय आहे. रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डर जो नमुना ४ अपलोड करतो, तोसुद्धा आर्किटेक्टचेच प्रमाणपत्र असते.

बिल्डरच्या ऑफिसात दाखवला जाणारा कागद बऱ्याचदा आर्किटेक्टच्या लेटरहेडवरचा असतो आणि त्यावर महापालिकेचा गोल शिक्का असतो. तो शिक्का फक्त आवक विभागाचा, म्हणजे अर्ज पोहोचल्याची पोच असू शकतो. म्हणून कागद हातात घेतल्यावर सर्वप्रथम शीर्षभाग आणि शेवटची सही पाहावी. वर प्राधिकरणाचे नाव, जावक क्रमांक व दिनांक, आणि खाली सक्षम अधिकाऱ्याची पदनामासह सही असेल, तरच ते भोगवटा प्रमाणपत्र आहे. प्रत ऑनलाइन प्रणालीतून काढलेली असेल तर तिच्यावर डिजिटल सही असते आणि ती फाइल बिल्डरकडून मूळ स्वरूपातच मागून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पडताळणीला उपयोगी पडत नाही.

इमारत कोणाच्या हद्दीत आहे

कोल्हापूर शहराच्या हद्दीतील इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र महानगरपालिकेचा नगररचना विभाग देतो. परंतु गेल्या काही वर्षांत जी मोठी बांधकामे झाली, त्यांतील पुष्कळशी पाचगाव, मोरेवाडी, उचगाव अशा लगतच्या गावांत आहेत. पत्ता लिहिताना आपण सगळेच कोल्हापूर लिहितो, पण शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्या गावांतील बांधकाम परवानगी व भोगवटा हे विषय या प्राधिकरणाकडे आले. अशा गावात कोणी ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा किंवा घरफाळ्याची पावती दाखवून हेच आमचे कम्प्लिशन म्हणत असेल, तर ते स्वीकारू नये. घरफाळा लागला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरले, असा अर्थ होत नाही. हे शहराच्या हद्दीतही तितकेच खरे आहे.

हद्द ठरवण्यासाठी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहणे पुरेसे असते. ज्या कार्यालयाने परवानगी दिली, त्याच कार्यालयाचे किंवा हद्द बदलली असल्यास त्याची जागा घेणाऱ्या कार्यालयाचे भोगवटा प्रमाणपत्र असले पाहिजे.

प्रमाणपत्र ओळीने वाचणे

खरे प्रमाणपत्र हातात आले म्हणजे काम झाले, असे समजून बहुतेक लोक इथे थांबतात. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ याच पायरीवर द्यायला हवा, कारण प्रमाणपत्र खरे असूनही त्यात आपला फ्लॅट नसणे ही अगदी नेहमी घडणारी गोष्ट आहे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत संपूर्ण काम होण्यापूर्वी इमारतीच्या काही भागापुरते भोगवटा प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. हे अंशतः भोगवटा प्रमाणपत्र पूर्णपणे कायदेशीर असते, पण फक्त त्यात लिहिलेल्या भागासाठी.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा ई वॉर्डातील एका सिटी सर्व्हे नंबरवर तळाला पार्किंग आणि वर पाच मजले अशी इमारत आहे. प्रत्येक मजल्यावर चार, म्हणजे एकूण २० फ्लॅट. मूळ परवानगी २०२१ ची, पार्किंग अधिक चार मजल्यांची. २०२३ मध्ये बिल्डरने जादा चटई क्षेत्र घेऊन सुधारित परवानगी मिळवली आणि पाचवा मजला वाढवला. एका कुटुंबाने पाचव्या मजल्यावरचा ५०२ क्रमांकाचा फ्लॅट ५० लाखांना घेतला. बिल्डरने त्यांना महापालिकेचे प्रमाणपत्र दाखवले. शीर्षभाग बरोबर, जावक क्रमांक आहे, सहीही आहे. मजकुरात मात्र "अंशतः" हा शब्द आहे, आणि खाली वर्णनाच्या ओळीत "तळमजला पार्किंग, पहिला ते चौथा मजला, एकूण सदनिका १६" असे लिहिले आहे. परवानगीचा संदर्भ म्हणून २०२१ चा क्रमांक दिला आहे. इमारतीत फ्लॅट २० आणि प्रमाणपत्रात १६. ही एक वजाबाकी केली की ५०२ ला भोगवटा नाही हे कळते. बिल्डर जेव्हा बिल्डिंगची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आली आहे असे सांगतो, तेव्हा तो धडधडीत खोटे बोलत नसतो, पण पाचव्या मजल्यावरच्या चार कुटुंबांच्या दृष्टीने त्या वाक्याला काही अर्थ नसतो.

म्हणून आपला नोंदणीकृत करारनामा शेजारी ठेवूनच प्रमाणपत्र वाचावे. सि.स. नंबर व वॉर्ड, किंवा गावाकडील जागा असेल तर रि.स. नंबर किंवा गट नंबर, दोन्ही कागदांत एकच आहे का ते पाहावे. एकाच आवारात दोन-तीन विंग असतील तर आपल्या विंगचे नाव त्यात आहे का हे शोधावे. मजले व सदनिकांची संख्या मोजावी. आणि शेवटी ज्या बांधकाम परवानगीच्या आधारे प्रमाणपत्र दिले तिचा क्रमांक आणि दिनांक करारनाम्यातील परवानगीशी जुळवावा. हा शेवटचा मेळ सर्वांत महत्त्वाचा आहे. तो जुळला नाही तर मध्ये सुधारित परवानगी झालेली असते, आणि मग त्या सुधारित नकाशाची प्रत मागितलीच पाहिजे, कारण आपला फ्लॅट, आपली पार्किंगची जागा किंवा गच्चीचा हक्क त्यात बदललेला असू शकतो.

प्रमाणपत्राच्या मागील बाजूस किंवा शेवटी अटी असतात. त्याही वाचाव्यात. पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण, सोलर, सांडपाण्याची जोडणी, झाडे अशा नेहमीच्या अटींबरोबरच कधी एखादे काम ठरावीक मुदतीत पूर्ण करण्याची अट असते. पंचगंगेच्या पूररेषेजवळची जागा असेल तर जोत्याच्या पातळीविषयी आणि तळमजल्याच्या वापराविषयी परवानगीत काय अटी होत्या, हे आवर्जून पाहावे. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

कार्यालयातील मूळ नोंदीशी पडताळणी

बिल्डरने दिलेली प्रत कितीही व्यवस्थित दिसली, तरी तिची खात्री प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयातच होते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणीही मिळवली गेल्याचे उघड झाले होते, आणि तिथे राहायला आलेल्या कुटुंबांवर इमारत पाडली जाण्याची टांगती तलवार आली. नोंदणी क्रमांक आहे म्हणून मागचे कागद खरे असतील, हे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

महारेराच्या maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने शोध घेऊन तिथे अपलोड केलेले कागद उतरवून घ्यावेत आणि बिल्डरने आपल्याला दिलेल्या प्रतीशी शब्दशः ताडून पाहावेत. तिथे फक्त नमुना ४ असेल आणि प्राधिकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर ते अजून मिळालेले नसण्याची शक्यता धरूनच पुढे जावे. इमारत लहान असल्यास, म्हणजे जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला महारेराची नोंदणी बंधनकारक नसते. पेठांमध्ये आणि जुन्या वसाहतींत पुनर्बांधणी झालेल्या अशा इमारती पुष्कळ आहेत. त्यांना भोगवटा प्रमाणपत्रातून मात्र सूट नाही, आणि मोफाचे बंधनही तसेच राहते. तिथे संकेतस्थळाचा आधार नसल्याने कार्यालयातील पडताळणी अधिकच आवश्यक ठरते.

कार्यालयात जाताना प्रमाणपत्राची प्रत, करारनाम्याची सूची दोन आणि ओळखपत्र सोबत न्यावे. जावक क्रमांक व दिनांक सांगून ही नोंद दप्तरात आहे का, असे विचारावे आणि प्रमाणित प्रतीसाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी दिलेल्या होकारावर समाधान मानू नये. अर्जाला उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये आहे, उत्तर ३० दिवसांत मिळणे अपेक्षित आहे, आणि महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यामुळे मागणी थोडक्यात आणि नेमकी लिहावी. उदाहरणार्थ, वरील इमारतीसाठी अर्ज असा लिहिता येईल:

"सि.स. नं. ... , ई वॉर्ड, कोल्हापूर या मिळकतीवरील इमारतीबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. १) मूळ व सुधारित बांधकाम परवानग्या आणि मंजूर नकाशे. २) आजअखेर दिलेली सर्व अंशतः व पूर्ण भोगवटा प्रमाणपत्रे. ३) भोगवटा प्रमाणपत्रासाठी आलेले अर्ज आणि त्यांवर आपल्या कार्यालयाने दिलेली त्रुटीपत्रे. तसेच संबंधित संचिकेचे अवलोकन करू द्यावे."

यातील तिसरी मागणी विसरू नये. प्रमाणपत्र का अडले आहे, हे बिल्डरच्या तोंडून क्वचितच कळते, पण त्रुटीपत्रात ते स्वच्छ लिहिलेले असते. आपल्या उदाहरणातील कुटुंबाला त्रुटीपत्रातून दोन गोष्टी समजतात: पाचव्या मजल्यासाठी घेतलेल्या जादा चटई क्षेत्राच्या अधिमूल्याचा एक हप्ता भरायचा राहिला आहे, आणि पार्किंगमधील दोन जागांना भिंती घालून खोली केली आहे. पहिली अडचण पैसे भरून सुटणारी आहे आणि दुसरी भिंत पाडून. दोन्ही गोष्टी बिल्डरच्या हातातल्या असल्याने, नियमांत न बसणाऱ्या बांधकामाच्या तुलनेत हे प्रकरण बरेच हलके आहे. याउलट त्रुटीपत्रात इमारतीभोवती मोकळे सोडायचे सामासिक अंतर कमी असल्याचा किंवा परवानगीपेक्षा जास्त मजल्याचा उल्लेख असेल, तर प्रमाणपत्र लवकर मिळेल या आश्वासनावर विसंबणे धोक्याचे आहे.

मंजूर नकाशा घेऊन जागेवर

मंजूर नकाशाची प्रत मिळाल्यावर मीटरचा टेप घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारावी. कंपाउंडच्या भिंतीपासून इमारतीपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून नकाशातील आकड्यांशी ताडावे. पार्किंगमध्ये नकाशात नसलेली खोली, दुकान किंवा ऑफिस दिसते का, डक्टवर स्लॅब टाकला आहे का, बाल्कनी खोलीत घेतली आहे का, सामाईक गच्चीचा तुकडा एखाद्या फ्लॅटला जोडून दिला आहे का, हे पाहावे. प्रमाणपत्र आधीच मिळाले असेल तरीही ही फेरी मारावी, कारण पाहणी उरकल्यानंतर केलेले फेरफार त्या प्रमाणपत्रात झाकले जात नाहीत आणि पुढे नोटीस येते ती तिथे राहणाऱ्यांना. लिफ्ट असेल तर ती चालू करण्याचा शासकीय परवाना आणि उंच इमारत असेल तर अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखला यांच्याही प्रती मागाव्यात.

प्रमाणपत्र नसताना किल्ली देऊ केली तर

फर्निचरसाठी किल्ली देतो, ओसी पंधरा दिवसांत येईल, असे सांगितले जाते, आणि मुहूर्त जवळ असला की घरच्या मंडळींचाही आग्रह सुरू होतो. एकदा फर्निचर झाले आणि सामान हलले की बिल्डरवरचा दबाव संपतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांसोबतच्या नमुना करारनाम्यात किमतीची शेवटची ५ टक्के रक्कम भोगवटा किंवा पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर, ताबा देतेवेळी घ्यायची आहे. आपल्या उदाहरणात ही रक्कम अडीच लाख होते. खरेदीदाराच्या हातात एवढेच काय ते उरलेले असते, म्हणून ती आधी देऊ नये. कर्ज असेल तर प्रमाणपत्र मिळेपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नये, असे बँकेलाही लेखी कळवावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मधील एका निकालात बँकांनी हे प्रमाणपत्र पडताळूनच इमारतीवर कर्ज मंजूर करावे आणि वीज, पाणी यांच्या जोडण्याही ते पाहूनच द्याव्यात, असे निर्देश दिले आहेत, त्यामुळे बँकेलाही ही विनंती डावलणे सोपे नाही.

बिल्डरला उत्तर ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी द्यावे: "आपण दिनांक ... रोजी ताबा घेण्याबाबत कळवले आहे. सदनिका क्र. ५०२ चा समावेश असलेले भोगवटा प्रमाणपत्र आम्हांला मिळालेले नाही. ते मिळताच उर्वरित रक्कम देऊन ताबा घेण्यास आम्ही तयार आहोत. तोपर्यंतचा विलंब आपल्याकडील मानण्यात यावा." या शेवटच्या वाक्याला महत्त्व आहे. करारातील ताब्याची तारीख उलटली असेल तर रेराच्या कलम १८ नुसार विलंबाच्या काळाचे व्याज मागता येते, आणि ताबा आपणच घेतला नाही असा बचाव बिल्डरला या पत्रामुळे करता येत नाही. नोंदणीकृत प्रकल्पाबाबत ५००० रुपये शुल्क भरून महारेराकडे तक्रार करता येते. नोंदणी नसलेल्या लहान इमारतीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे.

ज्यांनी प्रमाणपत्राविना ताबा घेतला आहे, त्यांचा हक्क मुदत संपून गेला असेही नाही. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद १९९७ पासून राहत होते. भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे त्यांना २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली होती, पण जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी आणि सतत चालू राहणारी चूक असल्याचे मान्य करून तक्रार पुन्हा ऐकण्यास सांगितले.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

आपल्या फ्लॅटचा समावेश असलेले प्रमाणपत्र मिळाले की वेळेचे बंधन आपल्यावर येते. रेराच्या कलम १९(१०) नुसार प्रमाणपत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो, आणि नमुना करारनाम्यात बिल्डरच्या लेखी सूचनेनंतर १५ दिवसांची मुदत आहे. पडताळणी आधीच झालेली असेल तर हा वेळ फ्लॅटची बारकाईने पाहणी करण्यासाठी पुरतो.

ताबापत्र बहुधा बिल्डरच्या ऑफिसात छापून तयार असते आणि त्यात सर्व कागदपत्रे मिळाली, बांधकामाबाबत कोणतीही तक्रार नाही, असे वाक्य असते. त्याखाली तशीच सही करू नये. भोगवटा प्रमाणपत्राचा जावक क्रमांक व दिनांक, मिळालेल्या प्रत्येक कागदाचे नाव आणि राहिलेल्या कामांची यादी ताबापत्रातच हाताने लिहावी आणि त्या मजकुराशेजारी बिल्डरची सही घ्यावी. बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून घेण्याची पाच वर्षांची मुदत कलम १४(३) नुसार ताब्याच्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा ताबापत्रावर त्या दिवसाचीच तारीख आहे, मागची कोणती नाही, हे सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.